घसा बरा झाला, गाठ उरली

घसा धरला की एक-दोन दिवसांत जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या एका किंवा दोन्ही बाजूंना दुखरी गाठ हाताला लागते. पुढे ताप उतरतो, घास सहज गिळता येऊ लागतो, पण गाठ तशीच राहते. आठवडा उलटतो, दुसरा संपत येतो आणि घरातल्यांची खरी काळजी तिथून सुरू होते. दुखणे गेले असताना गाठ का राहिली, ती किती दिवस राहू शकते आणि कोणती गाठ दुर्लक्ष करण्यासारखी नसते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गाठ मुळात कशाने फुगते हे समजले की बरीचशी सुटतात.

ही गाठ म्हणजे लसिका ग्रंथी, डॉक्टरांच्या भाषेत लिम्फ नोड. ती नव्याने उगवलेली नसते. शरीरात अशा काहीशे ग्रंथी जन्मापासून असतात आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या मानेत असतो, कारण नाक, तोंड आणि घसा ही जंतूंच्या प्रवेशाची मुख्य दारे मानेच्या वर आहेत. प्रत्येक ग्रंथीकडे शरीराचा ठरावीक भाग नेमून दिलेला असतो. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ते याच व्यवस्थेमुळे. टॉन्सिलमधून निघणारा लसिका द्रव जबड्याच्या कोनाच्या किंचित खाली आणि मागे असलेल्या ग्रंथीत जातो, म्हणून घसादुखीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फुगते ती हीच. हनुवटीखालच्या आणि जबड्याच्या कडेखालच्या ग्रंथी दात, हिरड्या व जिभेशी जोडलेल्या असतात, तर मानेच्या मागच्या बाजूच्या ग्रंथींकडे डोक्याच्या त्वचेचा भाग येतो. मुलीच्या मानेमागे बारीक गाठी लागत असतील आणि घसा ठीक असेल, तर केसांत उवा किंवा खाजवून झालेले फोड आहेत का हे पाहावे. किडलेली दाढ असलेल्या माणसाची जबड्याखालची गाठ घशाच्या कितीही औषधांनी कमी होत नाही, दाढेवर उपचार झाल्यावरच होते.

टॉन्सिलमध्ये जंतू शिरले की त्यांचे तुकडे घेऊन काही पेशी लसिकेच्या प्रवाहातून या ग्रंथीत पोहोचतात. तिथे रक्तातून येणाऱ्या लिम्फोसाइट पेशींची त्या तुकड्यांशी गाठ घालून दिली जाते. एरवी या पेशी ग्रंथीत येतात, काही तास फिरतात आणि बाहेर पडतात. संसर्ग झाला की पहिल्या दिवसांत ग्रंथीकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो आणि बाहेरची वाट मात्र काही काळ बंद होते. त्यामुळे पेशी आत साठत जातात. त्यांतल्या ज्या मोजक्या पेशी नेमका तो जंतू ओळखतात त्या विभागू लागतात, आणि एकीच्या दोन, दोनीच्या चार होत काही दिवसांत त्यांची संख्या हजारोंवर जाते. एवढा पसारा मावायचा तर ग्रंथीचा सांगाडाही सैल व्हावा लागतो. तो कसा होतो हे 2014 आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनातून उलगडले: जंतूचे तुकडे घेऊन येणाऱ्या पेशी ग्रंथीच्या जाळीतल्या तंतुपेशींना स्पर्शाने इशारा देतात आणि त्या पेशी आपला ताण सोडून देतात. म्हणजे ग्रंथीचे फुगणे हा निव्वळ सुजेचा परिणाम नसून ते तिच्या कामाचाच भाग आहे.

दुखण्याचे कारण वेगळे. ग्रंथीभोवती एक पातळ, चिवट आवरण असते आणि त्यात वेदना जाणवणाऱ्या नसा असतात. ग्रंथी दोन-तीन दिवसांत झपाट्याने फुगली की आवरण ताणले जाते आणि हात लावताच दुखते. हीच ग्रंथी दोन महिन्यांत सावकाश तेवढीच वाढली तर आवरणही हळूहळू सामावून घेते आणि दुखत नाही. म्हणूनच दुखरी गाठ माणसाला जास्त घाबरवत असली तरी डॉक्टरांना ती सहसा कमी चिंतेची वाटते. तिचे दुखणे एवढेच सांगते की ती नुकतीच आणि वेगाने वाढली आहे, आणि असे वाढणे बहुतेक वेळा साध्या संसर्गात घडते. या नियमाला अपवाद आहेत, त्यामुळे केवळ दुखते म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही.

ओसरण्याचा वेग या सगळ्यावरून ठरतो. ताण कमी झाला की दुखणे थांबते, आणि ताण लवकर कमी होतो. आत जमलेल्या लाखो पेशी मात्र एकदम नाहीशा होत नाहीत. जंतू संपल्यावर त्यांतल्या बहुतेक पेशी ठरलेल्या क्रमाने मरतात, थोड्या स्मृती म्हणून राहतात, आणि हा निचरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. विषाणूंमुळे होणारी साधी घसादुखी पाच ते सात दिवसांत बरी होते. गाठीचे दुखणे साधारण आठवडा ते दहा दिवसांत जाते. आकार मात्र दोन ते चार आठवड्यांत उतरतो, कधी सहा आठवडेही घेतो. त्यानंतरही वाटाण्याएवढी, मऊसर, बोटाखाली सरकणारी गाठ काही महिने, क्वचित कायमचीही हाताला लागत राहू शकते, कारण वारंवार फुगलेल्या ग्रंथीत थोडा तंतुमय भाग तयार होतो आणि ती पूर्वीइतकी बारीक होत नाही. शाळकरी वयातल्या बऱ्याच निरोगी मुलांच्या मानेत अशा गाठी नेहमीच लागतात. या वयात लसिका ग्रंथी तशाही मोठ्या असतात आणि वर्षभरात होणाऱ्या सर्दी-खोकल्यांमुळे त्यांना विसावा मिळत नाही.

एक उदाहरण दिवसांच्या हिशेबाने पाहू. नऊ वर्षांच्या मुलीला सोमवारी सकाळी एकाएकी 102 अंश ताप येतो, गिळताना घसा ठणकतो, पण खोकला नाही, नाकही वाहत नाही. मंगळवारी उजव्या जबड्याखाली अडीच सेंटिमीटरची, हात लावू न देणारी गाठ दिसते. डावीकडे त्याहून लहान. बुधवारी डॉक्टर घशात पाहतात: टॉन्सिल लालभडक, त्यांवर पांढरे ठिपके. ताप, टॉन्सिलवरचा पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव या चार खुणा 1981 मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट सेंटर आणि सहकाऱ्यांनी मांडल्या आणि आजही त्या जगभर वापरल्या जातात. चारही एकत्र असल्या की घशात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू असण्याची शक्यता साधारण निम्म्यावर जाते. उरलेल्यांत बहुतेक वेळा विषाणू असतात, म्हणून शक्य असेल तिथे घशातला स्राव बोळ्यावर घेऊन तपासणे चांगले.

या मुलीच्या तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस सापडतो आणि अमॉक्सिसिलिन दहा दिवसांसाठी दिले जाते. शुक्रवारी ताप नाही, ती जेवू लागते. इथेच पुष्कळ घरांत औषध बंद होते, आणि ते धोक्याचे आहे. दहा दिवसांचा आग्रह गाठीसाठी नसतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हाच जिवाणू मागाहून संधिज्वर घडवतो, त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात, आणि भारतात हा आजार अजून गेलेला नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाले आणि पुरे घेतले तर तो टाळता येतो.

दहाव्या दिवशी, औषध संपत आलेले असताना, मुलीची गाठ दुखत नाही पण दीड सेंटिमीटरची आहे. औषधाचा उपयोग झाला नाही असे इथे वाटू शकते आणि दुसरे, अधिक जोरदार प्रतिजैविक मागितले जाते. त्याची गरज नसते. जिवाणू संपले आहेत, उरला आहे तो ग्रंथीतला पसारा, आणि त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गाठ एक सेंटिमीटरवर येते, सहाव्या आठवड्यात ती शोधावी लागते. पुढे पावसाळ्यात सर्दी झाली की तीच ग्रंथी पुन्हा चार दिवस फुगते आणि पुन्हा ओसरते. हा नेहमीचा क्रम आहे. त्यात पाहायची गोष्ट एकच, की दर आठवड्याला गाठ लहान होत चालली आहे का.

त्यासाठी गाठ नीट तपासता यायला हवी. ज्या बाजूची गाठ पाहायची त्या बाजूला मान थोडी झुकवावी, म्हणजे कानामागून छातीच्या हाडाकडे तिरपा उतरणारा स्नायू सैल पडतो. मग दोन-तीन बोटांच्या पेरांनी, टोचून नव्हे तर हलके गोल फिरवत, जबड्याच्या कोनाखाली त्या स्नायूच्या पुढच्या कडेने चाचपावे. लांबीचा अंदाज पट्टीने घेऊन तारखेसह कुठेतरी लिहून ठेवावा आणि मग आठवडाभर तिला हात लावू नये. दिवसातून दहा वेळा गाठ दाबून पाहणाऱ्या माणसाची गाठ दाबल्यानेच दुखरी राहते, शिवाय रोजच्या तपासण्यात बदल कळत नाही. एक सेंटिमीटरपर्यंतची ग्रंथी मानेत सामान्य मानतात, जबड्याच्या कोनाखालच्या त्या टॉन्सिलच्या ग्रंथीला दीड सेंटिमीटरपर्यंत सूट आहे.

चाचपताना जे हाताला लागते ते सगळे लसिका ग्रंथी नसते. जबड्याच्या कडेखाली दोन्ही बाजूंना लाळग्रंथी असतात आणि वय वाढले, गाल ओघळले की त्या गाठीसारख्या जाणवतात. जेवायला बसताच फुगणारी आणि तासाभरात उतरणारी सूज बहुधा लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याची असते. गालगुंडात सूज कानाच्या पाळीभोवती येते आणि जबड्याचा कोन हाताला लागेनासा होतो. लसिका ग्रंथीच्या सुजेत तो कोन स्पष्ट लागतो, कारण सूज त्याच्या खाली असते. गिळताना वर-खाली होणारी, गळ्याच्या मध्यभागी असलेली गाठ थायरॉइडची असण्याची शक्यता जास्त. आणि बोटाखाली ठोके देणारी ‘गाठ’ ही मेंदूकडे जाणारी रोहिणी असते. ती दाबू नये, दोन्ही बाजूंची एकाच वेळी तर मुळीच नाही.

दुखणे सोसवत नसेल तर पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ते वजनाप्रमाणे, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवून देतात, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. गाठीवर कोमट फडक्याचा शेक चालतो. ती चोळून जिरवण्याचा प्रयत्न करू नये. गाठीवर बिब्बा लावण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मग खालची गाठ लाल झाली ती पू झाल्यामुळे की बिब्ब्यामुळे हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

क्रम बिघडतो तो दोन तऱ्हांनी. एक घाईचा, दुसरा संथ.

घाईच्या तऱ्हेत ग्रंथीतच पू होतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीची गाठ पाचव्या दिवशी उतरण्याऐवजी चार सेंटिमीटर झाली असती, एकाच बाजूला, वरची कातडी लाल आणि गरम, ताप पुन्हा 103 वर, तर जिवाणूंनी ग्रंथीच व्यापली असे समजायचे. यात स्ट्रेप्टोकॉकसबरोबर स्टॅफिलोकॉकस हा दुसरा नेहमीचा जिवाणू असतो. तो साध्या अमॉक्सिसिलिनला सहसा दाद देत नाही, म्हणून औषध बदलावे लागते. दोन-तीन दिवसांत गाठ मधोमध मऊ पडली तर सोनोग्राफीत पू दिसतो आणि तो सुईने ओढून किंवा छोटी चीर देऊन काढतात. हे रुग्णालयाचे काम आहे, घरी फोडण्याचे नाही.

याहून तातडीच्या खुणा घशाशी निगडित असतात. तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही, लाळ गिळता न आल्याने बाहेर गळते, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येतो, मान एका बाजूला वळवता येत नाही, श्वास घेताना आवाज होतो. यांतले काहीही दिसले तर टॉन्सिलच्या मागे किंवा मानेच्या खोल भागात पू साठला असण्याची शंका घेऊन त्याच रात्री रुग्णालय गाठावे. लसी अपुऱ्या झालेल्या मुलाच्या घशावर राखाडी, चिकटून बसलेला थर असेल आणि दोन्ही बाजूंच्या सुजेने मान बैलासारखी जाड दिसत असेल तर तो घटसर्प असू शकतो. हा आजार पुस्तकातला उरलेला नाही, आपल्याकडे अधूनमधून रुग्ण सापडतात. पाच दिवसांहून अधिक ताप, लाल डोळे, फुटलेले लालबुंद ओठ, अंगावर पुरळ आणि मानेत एका बाजूला मोठी गाठ असे लहान मुलात एकत्र आले तर कावासाकी या आजाराचा विचार करावा लागतो. तो संसर्गासारखा दिसतो पण हृदयाच्या रोहिण्यांना इजा करतो, आणि दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे उपचार मिळाले तर ती इजा बरीच टळते.

घाईचा नसला तरी लांबणारा एक आजार इथेच सांगायला हवा. कॉलेजच्या वयात घसा सुजतो, टॉन्सिलवर पांढरा थर येतो, पण गाठी मानेच्या पुढे असतात तशा मागेही असतात आणि थकवा इतका की जिना चढवत नाही. हा एपस्टाइन-बार विषाणूचा ग्रंथिज्वर. आपल्याकडे बहुतेकांना हा संसर्ग बालपणीच, नकळत होऊन जातो. ज्यांना तो तरुणपणी होतो त्यांना तो जाणवतो. यात स्ट्रेप समजून अमॉक्सिसिलिन दिले गेले तर अनेकदा अंगभर लाल पुरळ उठते आणि त्यावरूनच निदान लक्षात येते. गाठी तीन-चार आठवडे, कधी त्याहून अधिक राहतात. पानथरी वाढलेली असते आणि मार लागल्यास फाटू शकते, म्हणून किमान तीन-चार आठवडे कबड्डी, कुस्ती यांसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ बंद ठेवावेत.

संथ बिघाड ओळखणे जास्त अवघड, कारण त्यात काही दुखत नाही. चोवीस वर्षांच्या तरुणीला महिन्यापूर्वी घसादुखी झाली, बरी झाली, पण मानेच्या उजव्या बाजूची गाठ पाचव्या आठवड्यात दोन सेंटिमीटरची आहे. दुखत नाही. तिच्या शेजारी आणखी दोन लागतात आणि त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. संध्याकाळी अंग कसकसते, दोन-तीन किलो वजन उतरले आहे. अशा वेळी ती घसादुखी बहुधा योगायोगाची असते: तिच्या निमित्ताने मान चाचपली गेली आणि आधीपासून वाढत असलेली गाठ सापडली. भारतात या चित्रात पहिला विचार क्षयाचा करावा लागतो. जुन्या लोकांची गंडमाळ ती हीच. फुप्फुसात काही नसताना, खोकला नसताना केवळ मानेच्या ग्रंथींचा क्षय होऊ शकतो आणि तो तरुण स्त्रियांमध्ये पुष्कळ आढळतो. नुसत्या ग्रंथींचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, हे सांगायला हवे, कारण या निदानाने मुलींची लग्ने मोडल्याची भीती घराघरांत असते आणि त्यापायी तपासणी पुढे ढकलली जाते.

दोन आठवड्यांनंतरही एक सेंटिमीटरहून मोठी असलेली आणि लहान होण्याची चिन्हे न दाखवणारी गाठ म्हणूनच आपल्या देशात डॉक्टरांना दाखवावी. ती लहान होत असेल तर सहा आठवड्यांपर्यंत थांबायला हरकत नाही. काही गाठींसाठी मात्र अजिबात थांबू नये. हंसळीच्या हाडाच्या वरच्या खळग्यातली कोणतीही गाठ घसादुखीची मानू नये. त्या जागेकडे छातीचा, आणि डाव्या बाजूला पोटाचाही, लसिका प्रवाह येतो. दगडासारखी कडक, खालच्या भागाला घट्ट चिकटलेली, न सरकणारी गाठ हीसुद्धा वेगळी बाब आहे. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू, गुटखा किंवा मिश्री वापरणाऱ्या माणसाच्या मानेत अशी गाठ आली तर तोंड आणि घसा नीट उजेडात तपासून घ्यावा. तीन आठवडे न भरलेला तोंडातला व्रण कित्येकदा खुपतही नाही, आणि माणूस डॉक्टरांकडे येतो तो गाठीसाठी. रबरासारखी लवचिक, न दुखणारी, मानेबरोबर काखेत आणि जांघेतही वाढणारी गाठ, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजनघट हे चित्र लिम्फोमाचे असू शकते.

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीची होते. तिच्या अहवालात ‘सबसेंटिमेट्रिक नोड्स’, ‘रिअॅक्टिव्ह’ असे शब्द वाचून लोक हादरतात, पण त्यांचा अर्थ एक सेंटिमीटरहून लहान आणि संसर्गाला प्रतिसाद देऊन वाढलेल्या ग्रंथी एवढाच आहे. घसादुखीनंतर कोणाच्याही मानेवर यंत्र फिरवले तर त्या दिसतील. वाचायचे ते पुढे: ग्रंथी लांबट आहे की गोल, मधला चरबीचा पट्टा शाबूत आहे का, आतला भाग कुजल्यासारखा काळा दिसतो का, ग्रंथी एकमेकींना चिकटल्या आहेत का. लांबट आणि मधला पट्टा शाबूत असलेली ग्रंथी बहुधा निरुपद्रवी असते. शंका उरली तर बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासतात. ही एफएनएसी तपासणी दवाखान्यात काही मिनिटांत होते, भूल लागत नाही, आणि सुई टोचल्याने आजार पसरतो हा समज खोटा आहे. त्याच सुईतला थोडा भाग क्षयाच्या जनुकीय चाचणीला, म्हणजे सीबीनॅटला, पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण जंतू औषधांना दाद देणारा आहे की नाही हे तिथेच कळते. लिम्फोमाची शंका असेल तर मात्र सुईचा नमुना अपुरा पडतो आणि अख्खी गाठ काढून तपासावी लागते.

तपासणीआधी दोन औषधांपासून जपावे. पहिले स्टेरॉइड. त्याच्या गोळ्यांनी गाठ तात्पुरती उतरू शकते, क्षयाची आणि लिम्फोमाचीसुद्धा, आणि मग नमुन्यात निदान लपते. दुसरे, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके. ती क्षयाच्या जंतूवरही थोडीफार चालतात, त्यामुळे ‘आठवडाभर घेऊन पाहू’ म्हणून ती दिली की गाठ किंचित कमी होते, सगळे निर्धास्त होतात आणि निदान दोन महिने मागे पडते.

क्षय ठरला तर राष्ट्रीय कार्यक्रमातून उपचार मोफत मिळतात. जंतू औषधांना दाद देणारा असेल तर पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. या काळात एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगितलेली असावी. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काही जणांची गाठ उलट वाढते, शेजारी नवी येते, क्वचित मऊ पडून फुटते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने घेतलेला हा जोर असतो. डॉक्टरांना दाखवून औषधे सोसत आहेत ना आणि जंतू दाद देणारा आहे ना याची खात्री करून घ्यावी, पण आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत. अशी मऊ पडलेली गाठ चीर देऊन मोकळी केली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते, म्हणून गरज पडल्यास पू सुईनेच, बाजूच्या निरोगी कातडीतून काढतात. सहा महिने पुरे झाल्यावरही पुष्कळांच्या मानेत सेंटिमीटरभर गाठ राहते. ती वाढत नसेल, ताप नसेल आणि वजन भरून आले असेल तर तेवढ्यासाठी औषधे लांबवत नाहीत.